उभी रेघ दुभंगते तेव्हा

तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात सातबाऱ्याचा उतारा छापून घेतला की नजर आधी नावाकडे जाते, मग क्षेत्राच्या आकड्यांकडे. रेघांकडे कोणी बघत नाही. पण दुकानात इंकजेट प्रिंटर असेल आणि त्याचं हेड जुळणीतून सुटलेलं असेल, तर ते सगळ्यात आधी रेघांतच दिसतं. रकान्यांच्या आडव्या रेघा ठसठशीत येतात आणि उभ्या रेघा मात्र दर दोन-अडीच सेंटीमीटरवर किंचित डावी-उजवीकडे सरकून पायरीसारख्या तुटतात. कधी एकाच रेघेच्या दोन फिकट रेघा होतात. अक्षरंही जाडसर, पुसट कडांची येतात आणि ‘र’चा ‘स’ वाटावा इतपत गोंधळ होतो.

अशा वेळी बहुतेक दुकानांत एकच उपाय ठरलेला असतो: ‘हेड क्लीनिंग मार.’ एकदा मारतात, फरक पडला नाही की पुन्हा मारतात. प्रत्येक वेळी बरीच शाई नोझलमधून ओढून टाकली जाते आणि ती यंत्राच्या पोटातल्या स्पंजात जिरते. रेघ होती तशीच राहते, कारण शाई नीट येतच असते. ती पडते चुकीच्या जागी.

चुकीच्या जागी का पडते, हे समजायला हेडची चाल बघायला हवी. इंकजेटमध्ये हेड एका कॅरेजवर बसवलेलं असतं आणि ते कागदावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावतं. एका फेरीत ते एक आडवा पट्टा छापतं, मग कागद थोडा पुढे सरकतो, मग पुढचा पट्टा. वेळ वाचावा म्हणून बहुतेक प्रिंटर जाताना आणि येतानाही छापतात. छपाईसाठी हेड थांबत नाही, धावता धावताच थेंब सोडतं. सायकल न थांबवता फाटकात पेपर भिरकावणाऱ्या पोराला तो फाटक यायच्या थोडा आधी सोडावा लागतो, तशीच हेडची गत. थेंब कागदापर्यंत पोहोचेतो कॅरेज पुढे गेलेली असते आणि तिच्या वेगाचा वाटा थेंबालाही मिळालेला असतो. म्हणजे तो सोडल्या जागेच्या थोडा पुढे पडतो.

किती पुढे? ठोकळ आकडे घेऊन हिशेब करू. हेड आणि कागद यांत 1.2 मिलिमीटर अंतर आहे, थेंब सेकंदाला 6 मीटर वेगाने खाली येतो आणि कॅरेज सेकंदाला अर्धा मीटर धावते, असं धरा. थेंबाला कागद गाठायला सेकंदाचा पाच हजारावा भाग लागतो. तेवढ्यात तो बाजूला 0.1 मिलिमीटर सरकतो. जाताना हे सरकणं उजवीकडे, येताना डावीकडे. दोन्ही फेऱ्यांत मिळून 0.2 मिलिमीटरची तफावत. ऐकायला नगण्य वाटते, पण 600 डीपीआयच्या छपाईत एका ठिपक्याला 0.042 मिलिमीटरच जागा असते, म्हणजे जवळपास पाच ठिपक्यांची चूक झाली. आणि तक्त्याची नेहमीची अर्ध्या पॉइंटची रेघ असते जेमतेम 0.18 मिलिमीटर रुंद. तफावत रेघेच्या रुंदीपेक्षा जास्त, त्यामुळे जातानाचा तुकडा आणि येतानाचा तुकडा एकमेकांना टेकतसुद्धा नाहीत.

आडवी रेघ यातून का सुटते, तेही इथेच कळतं. ती सगळी दहाव्या अंशाने डावी-उजवीकडे सरकली तरी सरळच राहते. फार तर टोकाला किंचित कमी-जास्त होते. उभी रेघ मात्र अनेक पट्ट्यांतून, एकावर एक तुकडे रचून उभी राहते. आणि ती तुटेल की दुहेरी होईल, हे छपाईच्या दर्जावर ठरतं. झटपट छपाईत एक पट्टा एकाच फेरीत संपतो, म्हणून पायऱ्या दिसतात. चांगल्या दर्जाच्या छपाईत त्याच पट्ट्यातले काही ठिपके जाताना पडतात, उरलेले येताना. म्हणून एका रेघेशेजारी दुसरी रेघ उमटते. रोग एकच. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रेघ मोठी करून बघितली तर हा भेद स्वच्छ दिसतो.

कारखान्यातून निघताना प्रिंटरला ही तफावत ठाऊक असते. येतानाच्या फेरीत थेंब किती आधी किंवा उशिरा सोडायचा, हा आकडा त्याच्या स्मृतीत असतो. ‘हेड अलाइनमेंट’ म्हणतात ते एवढंच. त्यात कुठलाही स्क्रू फिरत नाही, हेड जागचं हलत नाही, फक्त हा आकडा सुधारला जातो. तो प्रिंटरमध्येच साठवला जात असल्याने दुसऱ्या संगणकावरून छापलं तरी टिकतो. काही प्रिंटरमध्ये शाईच्या प्रत्येक कार्ट्रिजलाच स्वतःचं हेड असतं. तिथे कार्ट्रिज बदललं की हेडही बदललं, म्हणून प्रत्येक वेळी जुळणीचा कागद छापायला यंत्र स्वतःच सांगतं. काळं आणि रंगीत ही दोन वेगळी हेडं असल्याने तिथे आणखी एक चूक दिसते: काळ्या अक्षराच्या एका बाजूला रंगीत किनार येते. शाईच्या टाक्यांच्या प्रिंटरमध्ये हेड यंत्रातच कायमचं असतं. तिथे जुळणी बिघडते ती यंत्र हलवल्याने, अडकलेला कागद ओढताना कॅरेजला धक्का बसल्याने किंवा वापरून वापरून.

आता जुळणी. तिच्याआधी एक काम चुकवू नये: नोझल तपासणी. एप्सनच्या टाकीवाल्या प्रिंटरचं उदाहरण घेतलं, तर संगणकात प्रिंटरच्या `Maintenance` या पानावर `Nozzle Check` असतं. छापून आलेल्या जाळीत कुठे खंड दिसला तर नोझल तुंबलं आहे, आणि तेव्हा क्लीनिंग योग्यच. जाळी अखंड असेल तर क्लीनिंगला हात लावू नये. तुंबलेल्या नोझलवर जुळणी करण्यातही अर्थ नाही, कारण नमुन्यातली ठिपक्यांची उणीव आपल्याला सरकल्यासारखी भासते.

दुसरी तपासणी मला सगळ्यात मोलाची वाटते आणि तीच फार थोडे लोक करतात. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये `Bidirectional Printing` असं खूण करायचं घर असतं. जुन्या प्रिंटरवर त्याचं नाव `High Speed` असे. ती खूण काढायची आणि तोच उतारा पुन्हा छापायचा. आता हेड एकाच दिशेने छापतं, येताना रिकामं परततं. छपाईला बराच जास्त वेळ लागतो, पण निदान होतं. रेघ सरळ आली तर दोष जाण्या-येण्याच्या जुळणीतच आहे. तरीही वाकडी आली, तर जुळणीचे नमुने कितीही छापले तरी उपयोग व्हायचा नाही. घाईत, गिऱ्हाईक समोर उभं असताना, ही खूण काढून काम भागवणं हाही चांगला तात्पुरता मार्ग आहे.

दोष जुळणीत आहे असं ठरलं की त्याच पानावरचं `Print Head Alignment` उघडायचं. पुढे काही प्रिंटर दोन पर्याय देतात आणि इथे पुष्कळांची गल्लत होते. `Vertical Alignment` म्हणजे हेड वर-खाली करणं नव्हे. उभ्या रेघा वाकड्या दिसतात तेव्हा तो निवडायचा. पानावर ठरावीक अंतराने आडवे पट्टे उमटत असतील, तर `Horizontal Alignment`. आपल्या सातबाऱ्याला पहिला हवा.

ट्रेमध्ये कोरा, पांढरा, साधा ए फोर कागद ठेवायचा. पाठकोरा नको, मागची शाई आरपार दिसली की नमुना वाचता येत नाही. छापून येतात ते क्रमांक दिलेल्या चौकोनांचे गट. प्रत्येक चौकोनात जातानाच्या आणि येतानाच्या बारीक रेघा एकमेकींत गुंफलेल्या असतात आणि दर चौकोनाला येतानाची फेरी थोडी थोडी सरकवलेली असते. ज्या चौकोनात दोन्ही बरोबर बसल्या, तो सपाट, एकजीव राखाडी दिसतो. बाकीच्यांत पांढऱ्या फटी किंवा काळे पट्टे दिसतात. कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून, खिडकीच्या उजेडात बघावा. जवळून बघितलं की प्रत्येकात दोष सापडतो. समजा पहिल्या गटात 4 आणि 5 दोन्ही सारखेच वाटले, तर 5 भरून पुन्हा नमुना छापावा. पहिल्या फेरीतला सुधारलेला आकडा आता पाया झालेला असतो आणि फरक जास्त स्पष्ट होतो. गटातला शेवटचाच चौकोन सर्वांत बरा असेल, तर चूक मोठी आहे असं समजावं आणि तो भरून आणखी एक फेरी करावी. स्कॅनर असलेले काही प्रिंटर हा कागद काचेवर पालथा ठेवायला सांगतात आणि स्वतःच वाचतात. तिथे काच पुसलेली हवी आणि कागद कोपऱ्याला टेकलेला.

या सगळ्याची मर्यादा जाड कागदावर कळते. जुळणी एका अंतरासाठी असते. साधा कागद 0.1 मिलिमीटर जाड. लग्नपत्रिकेचा 300 जीएसएमचा कार्ड त्याहून सुमारे 0.3 मिलिमीटर जास्त. वरच्या हिशेबात अंतर 1.2 वरून 0.9 झालं, थेंब लवकर पोहोचला, आणि दोन्ही फेऱ्यांची तफावत 0.2 वरून 0.15 वर आली. प्रिंटर मात्र 0.2 धरून भरपाई करतो. उरतो साधारण एका ठिपक्याचा फरक, जो मोठ्या अक्षरांत कळत नाही पण पत्रिकेच्या बारीक वेलबुट्टीत दिसतो. कार्डाची कड वर उचललेली असेल तर फरक आणखी वाढतो. अशा छपाईला, सेटिंगमध्ये जाड कागद निवडून, एका दिशेनेच छापावं हे उत्तम. कार्डासाठी जुळणी बदलली तर उद्या सातबारा बिघडेल.

एका दिशेने छापूनही रेघ वाकडी येत असेल, आणि तीही पानाच्या एकाच भागात, उदाहरणार्थ उजव्या कडेला, तर नजर एन्कोडर पट्टीकडे वळवावी. कॅरेजच्या मागे, पट्ट्याला समांतर ताणलेली ही पारदर्शक प्लास्टिकची चिंचोळी फीत. तिच्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक खुणा असतात आणि त्या मोजत हेड स्वतःची जागा ओळखतं. तिथे शाईचा धूर किंवा ग्रीसचा डाग बसला की त्या ठिकाणी मोजणी चुकते. प्रिंटर बंद करून, प्लग काढून, तंतू न सुटणारं कापड शुद्ध पाण्यात किंचित ओलं करून फीत हलक्या हाताने पुसावी. स्पिरिट वापरू नये, खुणाच पुसल्या जाण्याचा धोका असतो. आणि ती टोकाच्या हुकातून सुटणार नाही हे बघावं, कारण सुटली तर कॅरेज बेभान धावून कडेला आपटते. पुसल्यावर साध्या कागदावर जुळणी पुन्हा करायची. त्यानंतरही रेघ हलत असेल, तर बेल्ट सैल झालेला असतो किंवा कॅरेजचं बुश झिजलेलं असतं, आणि ते काम मेकॅनिकचं. त्याच्याकडे नेताना एका दिशेने छापलेला आणि दोन्ही दिशांनी छापलेला असे दोन्ही उतारे सोबत द्यावेत. त्याला यंत्र उघडण्याआधीच निम्मं कळतं.