बाद पापड नेमके कशाने बाद होतात?

आज जवळ वही-पेन घेऊन बसा, थोडा हिशेब करायचा आहे. सहावी-सातवीची टक्केवारी आठवत असेल तर पुरे, आणि आठवत नसेल तरी मी सावकाश सांगते.

आमच्या भागातला एक गट उडदाचे पापड करतो. अकरा जणी आहेत. पंधरा दिवसांत साधारण ६००० पापड होतात. त्यातले बाद किती? सगळ्या म्हणायच्या, "लई जातात." लई म्हणजे किती, हे कुणाला सांगता येत नव्हतं. का जातात याचं उत्तर मात्र तयार होतं. गटात साठीच्या पुढच्या दोन मावश्या आहेत, त्यांचे पापड जाड-पातळ होतात. एका बैठकीत तर विषय निघालाच, की मावश्यांना लाटायला बसवायचं नाही, त्यांनी नुसत्या लाट्या करून द्याव्यात. लाटण्याची मजुरी नगावर मिळते, लाट्यांची त्याच्या निम्मी. म्हणजे दोघींची मजुरी अर्ध्यावर येणार होती. एक मावशी एवढंच म्हणाल्या, "मोजून बघा गं आधी."

मग मोजायचं ठरलं. एका पुठ्ठ्यावर बाद होण्याची कारणं खाली खाली लिहिली आणि पुठ्ठा भिंतीला टांगला. पापड बाजूला काढला की त्या कारणापुढे एक उभी रेघ. चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. शाळेत याला ताळ्याच्या खुणा म्हणतात. पुठ्ठ्यावर कुणाचं नाव लिहायचं नाही, फक्त कारण लिहायचं, हे आधीच ठरवून घेतलं. नाव लिहायचं म्हटलं की बाद पापड पदराखाली जातो आणि हिशेब खोटा होतो.

पंधरा दिवसांनी बेरीज केली. एकूण बाद पापड ४००, म्हणजे शंभरात साडेसहाच्या वर. आता कारणं जास्तीकडून कमीकडे अशी लावली. हा क्रम महत्त्वाचा आहे, तो चुकला तर पुढचं काही दिसत नाही.

कडा चिरलेले – १६८
पॅक करताना किंवा दुकानापर्यंत जाताना तुटलेले – ११६
जाड-पातळ – ४८
लाटताना भोक पडलेले – ३२
डाग पडलेले – २०
इतर – १६

"इतर" नेहमी शेवटी ठेवायचं, आकडा कितीही असला तरी. आणि इतरचा आकडा वर सरकायला लागला तर समजायचं, की एखादं खरं कारण त्या गाठोड्यात दडलंय. गाठोडं सोडून बघायचं.

आता प्रत्येकाची टक्केवारी काढू. एकूण ४०० आहेत, म्हणून प्रत्येक आकड्याला ४ ने भागलं की झालं. कडा चिरलेले ४२ टक्के, तुटलेले २९, जाड-पातळ १२, भोकाचे ८, डागाचे ५, इतर ४. सगळ्यांची बेरीज १०० आली पाहिजे. नाही आली तर पुन्हा मोजा.

यापुढची पायरी म्हणजे संचित टक्केवारी. नाव जड आहे, काम सोपं आहे. बचतीच्या पासबुकात जशी मागच्या शिलकेत आजची रक्कम मिळवत जातो, तसंच. पहिल्या कारणाचे ४२. त्यात दुसऱ्याचे २९ मिळवले, ७१ झाले. त्यात १२ मिळवले, ८३. मग ९१, मग ९६, मग १००.

हे आकडे वरून खाली एकदा वाचा: ४२, ७१, ८३, ९१, ९६, १००. सुरुवातीला मोठी उडी, मग लहान लहान पावलं. सहा कारणांपैकी पहिल्या दोघांनीच शंभरातले ७१ पापड घालवले. उरलेल्या चार कारणांवर सगळ्या जणी महिनाभर राबल्या असत्या आणि ती चारही मुळापासून गेली असती, तरी शंभरातले २९ वाचले असते. मावश्यांच्या वाट्याला ज्याचं खापर येत होतं ते जाड-पातळ तर १२ टक्केच. तेही सगळं त्यांचंच असेल असं नाही.

थोडीशी कारणं बहुतेक परिणाम घडवतात, ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी दिसते. विल्फ्रेदो परेतो नावाच्या इटलीतल्या अर्थशास्त्रज्ञाने संपत्ती आणि उत्पन्नाची वाटणी अभ्यासली. थोड्या लोकांकडे फार मोठा वाटा, असं त्याला दिसलं. पुढे अमेरिकेत जोसेफ जुरान यांनी कारखान्यातल्या सदोष मालाला हाच विचार लावला आणि परेतोचं नाव दिलं. नंतर त्यांनी स्वतःच लिहून कबूल केलं, की परेतोने काही ही गोष्ट सगळ्या क्षेत्रांना लावली नव्हती. पण नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडे कुणी प्रशिक्षणात "ऐंशी-वीस" म्हणाले तर ते याच्याबद्दल बोलत असतात. ते ८० आणि २० काही देवाने ठरवलेले आकडे नाहीत. आपल्या गटात सहापैकी दोन कारणं, म्हणजे एक तृतीयांश, आणि ७१ टक्के परिणाम, असं आलं. आपल्या पुठ्ठ्यावर जे येईल ते खरं.

आता एक शंका गटातल्याच एका ताईने काढली आणि ती अगदी बरोबर होती. ती म्हणाली, "सगळे बाद पापड सारख्या नुकसानीचे कुठे आहेत?" कडा चिरलेला पापड पॅकिंगच्या आधी सापडतो. तो चुऱ्यात जातो आणि चुरा कमी भावाने का होईना, विकला जातो. नुकसान नगामागे १ रुपया धरलं. पाकिटात तुटलेला सापडला तर पाकीट परत येतं, फोडायचं, नवी पिशवी, पुन्हा सील. तिथे नगामागे २ रुपये धरले. डागाचा पापड फेकूनच द्यावा लागतो, तोही २ रुपये. बाकीचे १ रुपया. असं केल्यावर एकूण नुकसान ५३६ रुपये झालं. त्यात तुटलेल्यांचे २३२ आणि चिरलेल्यांचे १६८. क्रम उलटला, तुटणं वर गेलं. पण दोघांचे मिळून ४०० रुपये, म्हणजे जवळजवळ ७५ टक्के. तीच दोन कारणं पुढे राहिली. दर वेळी असं होईल असं मात्र समजू नका. नग मोजून एक क्रम येतो आणि पैसे मोजून दुसराच, असं होतं. म्हणून दोन्ही करून बघावं.

एक गोष्ट या क्रमाच्या बाहेर ठेवायची, ती म्हणजे बुरशी. पंधरा दिवसांत बुरशीचं एकच पाकीट निघालं तरी ते तळाशी ढकलायचं नाही. त्या दिवशीचा सगळा माल उघडून बघायचा. खाण्याच्या वस्तूत माणूस आजारी पडण्याची भीती असेल तिथे टक्केवारीची वाट बघायची नसते.

बरं, कडा चिरतात हे कळलं. पण हे खरं तर कारण नाही, लक्षण आहे. ताप आला म्हणजे रोग कळला असं नाही. म्हणून पुढच्या चार दिवसांत चिरलेल्यांचीच वेगळी नोंद ठेवली, पापड कुठे वाळवला होता याची. गच्चीवरचे किती, पडवीतले किती. दोन्हीकडे रोज सारखेच पापड घातले होते, हे लक्षात घ्या. नाही तर जिथे जास्त घातले तिथे जास्त चिरणारच. चार दिवसांत ४४ चिरले, त्यातले ३३ गच्चीवरचे. शंभरात ७५. कारण उघड होतं. दुपारच्या कडक उन्हात आणि वाऱ्यात कड आधी वाळून आखडते, मधला भाग ओलाच असतो, मग कड फाटते. आणि तसा कडकडीत वाळलेला पापड चिरला नाही तरी ठिसूळ होतो, पिशवीत भरताना तुटतो. म्हणजे पहिल्या दोन्ही कारणांचं मूळ बरंचसं एकच निघालं.

उपाय बिनपैशाचा होता. पापड आधी पडवीत सावलीत, मग थोडा वेळ कोवळ्या उन्हात, आणि चळत कापडात गुंडाळून ठेवून किंचित मऊ झाल्यावर पॅकिंग. मऊ म्हणजे हलकेच वाकवला तर न तुटण्याइतका. त्यापेक्षा ओला राहिला तर बुरशी येते, तेव्हा हे जपूनच करायचं. पावसाळ्यात हा शेवटचा भाग त्यांनी बंदच ठेवला.

पुढच्या पंधरा दिवसांत पुन्हा ६००० पापड झाले आणि बाद निघाले १९६. जाड-पातळ ४६, चिरलेले ४४, तुटलेले ४०, भोकाचे ३०, डागाचे २२, इतर १४. बघा, बाद माल निम्म्याहून खाली आला. पण इथे एक फसवणूक आहे. जाड-पातळ आता पहिल्या नंबरावर आलं आणि टक्केवारी १२ वरून २३ च्या पुढे गेली. एकीने लगेच म्हटलंही, "बघा, मावश्यांचं वाढलं." वाढलं कुठे? आधी ४८ होते, आता ४६. बाकीचे कमी झाले म्हणून याचा वाटा मोठा दिसतो. टक्केवारीच्या शेजारी नुसता आकडा लिहिलेला नसेल तर असा घोटाळा होतोच.

आणि संचित टक्केवारी आता कशी चढते? २३, ४६, ६६, ८२, ९३, १००. पहिली मोठी उडी गेली. ऐंशीच्या पुढे जायला सहातली चार कारणं लागतात. म्हणजे आता "थोडी कारणं" उरली नाहीत, नुकसान जवळजवळ सगळीकडे सारखं पसरलंय. अशा वेळी दोन कारणं धरून त्यांच्यामागे लागण्यात फार हशील नाही. गटाने तेव्हा दोन छोटी कामं केली. लाट्या डोळ्याने तोडण्याऐवजी तराजूवर एक लाटी वजन करून तिच्या मापाने तोडायला सुरुवात केली, आणि वाळवणाखालचं जुनं प्लास्टिक बदललं. डाग त्या प्लास्टिकचेच आहेत की पिठातले, ते पुढच्या पुठ्ठ्यावर कळेल. मावश्या लाटायलाच बसतात, नगावरच्याच मजुरीने.