बाराही महिने सारखे नसतात

तालुक्याच्या गावात मांडव-डेकोरेशनचा व्यवसाय करणाऱ्या एखाद्या माणसाचा कर्जमागणी अर्ज उदाहरणादाखल घेऊ. लोखंडी ट्रस आणि लाइटिंगसाठी त्याला 4 लाख रुपये हवे आहेत. अर्जासोबतच्या पत्रात तो लिहितो, ‘माझे मासिक उत्पन्न 35,000 रुपये आहे. घरची परिस्थिती बेताची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ बँकेतला अधिकारी खातेउतारा उघडतो. मे महिन्यात 1 लाख 40 हजार जमा, ऑगस्टमध्ये जेमतेम 6 हजार. पस्तीस हजार कोणत्याच महिन्यात दिसत नाहीत.

इथे माणूस खोटे बोललेला नाही, त्याने सरासरी सांगितली आहे. पण ती सरासरी आहे हे लिहिले नाही, म्हणून खरा आकडाही संशयास्पद ठरतो. अनियमित कमाई असलेल्याने महिन्याचा आकडा आधी सांगूच नये. आधी वर्ष सांगावे: वर्षभराची जमा 9 लाख 60 हजार, त्यातले 7 लाख 20 हजार खात्यावर आणि 2 लाख 40 हजार रोख, मजुरी, टेम्पो, भाड्याने आणलेले सामान यांचा खर्च 5 लाख 40 हजार, उरले 4 लाख 20 हजार. मग कारण द्यावे, आणि ते पंचांगातच आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात. जुलै ते ऑक्टोबर गणपती-नवरात्रीची किरकोळ कामे सोडली तर हात रिकामे. हे चार महिने दरवर्षी येतात, हे मागच्या दोन वर्षांच्या खातेउताऱ्यावरून दाखवता आले की अनियमित वाटणारी कमाई अंदाज बांधण्याजोगी होते.

रोख रकमेचा पुरावा हा खरा अवघड भाग. तारखांची वही, पावतीपुस्तक आणि विसार यूपीआयने आला असेल तर त्याची नोंद, या तिन्हींत एकाच कामाची तारीख आणि रक्कम जुळली तर वहीला वजन येते. याउलट अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत पन्नास-पन्नास हजारांचे गोल आकडे रोखीने भरलेले दिसले, तर खाते अर्जासाठी फुगवल्याचा संशय येतो. ते पैसे खरोखर कामाचे असतील, तर कोणत्या कामांचे हे पत्रातच लिहावे.

सर्वात जास्त अर्ज अडखळतात ते मात्र आयकर विवरणपत्रावर. छोट्या व्यावसायिकांसाठीच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत हिशेबाच्या वह्या तपशिलाने ठेवाव्या लागत नाहीत. खात्यावर आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के आणि रोखीच्या किमान 8 टक्के नफा दाखवायचा असतो. आपल्या उदाहरणात ही किमान रक्कम होते 62,400 रुपये. अनेक जण तेवढीच दाखवून मोकळे होतात. नंतर पत्रात 4 लाख 20 हजार लिहिले जातात आणि बँक विचारते, खरे कोणते? प्रत्यक्ष नफा किमान टक्क्यांहून जास्त असेल तर तो दाखवायचा, असेच ही योजना सांगते. शिवाय कमी दाखवून या माणसाचा एक रुपयाही वाचलेला नसतो. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष 2025-26 साठी व्यवसायाच्या 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे, त्याआधीच्या दोन वर्षांत ही मर्यादा 7 लाखांची होती. न लागणारा कर चुकवण्याच्या नादात कर्जाची पात्रता जाते, याचे फार वाईट वाटते.

आता पत्राची मांडणी. पहिल्याच वाक्यात रक्कम, कारण आणि सोबत विक्रेत्याचे कोटेशन. मग वरचा वर्षाचा हिशेब. त्यानंतर हप्त्याचे नियोजन, कारण अधिकाऱ्याला सर्वाधिक चिंता ऑगस्टची असते. 12 टक्के दराने पाच वर्षांसाठी 4 लाखांचा हप्ता सुमारे 8,900 रुपये पडतो. तेव्हा असे लिहिता येईल: ‘जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांच्या हप्त्यांचे 35,600 रुपये मी दरवर्षी जूनअखेर वेगळ्या खात्यात ठेवीन. घरखर्च महिना 18,000 आहे; तो वजा जाता वर्षाला 2 लाख 4 हजार उरतात आणि वर्षाचे हप्ते 1 लाख 6 हजार 800 होतात.’ सहानुभूतीच्या वाक्याची जागा हा हिशेब घेतो, आणि तो तपासताही येतो.

जुन्या कर्जाचा एखादा हप्ता सप्टेंबरमध्ये थकला असेल तर तोही महिन्यानिशी लिहावा, कधी भरला तेही लिहावे. पतअहवालात तो दिसणारच असतो. आधी सांगितला तर त्याचे कारण वाचले जाते.

विवरणपत्र आधीच 62,400 चे गेले असेल तर ते सुधारण्याची मुदत शिल्लक आहे का, हे कर सल्लागाराला विचारावे. मुदत संपली असेल, तर पत्रात तो फरक उघडपणे मांडून यंदा 4 लाखांऐवजी फक्त लाइटिंगपुरते कर्ज मागावे, आणि पुढच्या वर्षी खऱ्या नफ्याच्या विवरणपत्रासह ट्रससाठी अर्ज करावा.