हस्ताचा पाऊस आणि राखीव तारीख

सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो आणि साधारण दहा ऑक्टोबरपर्यंत तिथं राहतो. गावाकडे या दिवसांतल्या गडगडाटी पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. नेमके हेच दिवस आमच्या धंद्यात मॅटर्निटी शूटच्या गर्दीचे असतात. पितृपक्ष पुष्कळदा संपलेला असतो, डोहाळजेवणं सुरू झालेली असतात, गवत अजून हिरवं असतं, म्हणून प्रत्येकीला उघड्यावरचे फोटो हवे असतात. पावसाने शूट हलवावं लागण्याची वेळही याच पंधरवड्यात सर्वांत जास्त येते, आणि इथे पुढच्या महिन्यात बघू असं म्हणायची सोय नसते.

मॅटर्निटी शूट साधारण तिसाव्या ते चौतिसाव्या आठवड्यात करतात. त्याआधी पोट फोटोत नीट दिसत नाही, त्यानंतर बाईला फार वेळ उभं राहणं, वाकणं, प्रवास करणं जड जातं. काहींना त्याआधीच डॉक्टर विश्रांती सांगतात. म्हणजे हाताशी असतात जेमतेम चार-पाच आठवडे. लग्नाआधीचं शूट तीन आठवड्यांनी पुढे गेलं तर फारसं बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून राखीव तारीख ही पहिल्या फोनवरच, पहिल्या तारखेसोबत ठरली पाहिजे. पाऊस पडल्यावर बघू म्हणणाऱ्या फोटोग्राफरला मी तरी असं शूट देणार नाही.

राखीव तारीख ठरवताना बहुतेक जण कॅलेंडर उघडून पुढचा रविवार शोधतात. खरा प्रश्न वेगळाच आहे. पाऊस कुठल्या जातीचा आहे, त्यावर काय हलवायचं ते ठरतं: वेळ, जागा की तारीख.

जुलै-ऑगस्टचा पाऊस समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याचा असतो. तो सह्याद्रीवर चढतो, तिथं बरसतो आणि पूर्वेकडे उतरताना ओसरतो. लोणावळ्याला एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, पुणे शहरात तो सहाशे-सातशेच्या घरात असतो. हा पाऊस घड्याळ पाहत नाही, सकाळी सहालाही येतो आणि रात्री दोनलाही. अशा दिवसांत तारीख बदलून फायदा थोडा, जागा पूर्वेकडे सरकवून फायदा जास्त. मुळशीऐवजी सासवडकडे गेलं तर पुष्कळदा कोरडं आभाळ मिळतं.

हस्ताचा पाऊस तसा नसतो. मान्सून परतू लागलेला असतो, वारा मंद, हवेत दमटपणा भरपूर आणि ऊन कडक. दुपारी जमीन तापली की दमट हवा वर चढते, ढग उभे वाढतात, आणि तीन-चारनंतर विजांसह तासभर झोडपून जातात. रात्री आभाळ मोकळं होतं, सकाळ बहुधा स्वच्छ उजाडते. त्यामुळे या पंधरवड्यात संध्याकाळचं शूट दुसऱ्या संध्याकाळी नेणं म्हणजे त्याच संकटात पुन्हा उभं राहणं. ते सकाळी न्यायचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान उगवतो. पावणेसात ते साडेआठ हा उजेड संध्याकाळइतकाच मऊ असतो, वर आदल्या दिवशीच्या पावसाने धूळ बसलेली असते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. समुद्रावर कमी दाबाचा पट्टा तयार झाला असेल तर पाऊस दिवसभर रेंगाळतो, मग सकाळही वाचत नाही. हे ओळखायला हवामान विभागाचा जिल्ह्याचा अंदाज नीट वाचावा लागतो. त्यात ‘तुरळक ठिकाणी’ असं लिहिलेलं असतं तेव्हा जिल्ह्यातल्या फार तर पाव भागात पाऊस अपेक्षित असतो. ते वाचून घाबरून शूट रद्द करायचं कारण नाही. पण ‘बहुतेक ठिकाणी’ असे शब्द सलग दोन-तीन दिवसांपुढे दिसले, सोबत नारिंगी इशारा असला, तर वेळेशी खेळत बसू नये. सरळ चार-पाच दिवसांनंतरची तारीख घ्यावी.

आता एक उदाहरण घेऊ. पाषाणला राहणारं जोडपं आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तिचे एकतीस आठवडे पूर्ण होतात. त्या दिवशी दुपारी साडेचारला सासवडजवळच्या एका शेतघरावर शूट ठरलंय. राखीव वेळ म्हणून मी येणाऱ्या बुधवारची सकाळ सुचवेन. आठवड्याच्या मधला वार असल्याने माझा दिवस बहुधा मोकळा असतो, आणि तिचे दिवसही फक्त तीनच पुढे जातात. पण सकाळी सासवड नको. पावणेसातला तिथं पोचायचं तर पाचला घर सोडायचं, म्हणजे मेकअपला साडेतीनला बसायचं. सातव्या-आठव्या महिन्यात बाईला अशी रात्र काढायला लावणं मला पटत नाही. वेळ सकाळवर गेली की जागाही घराजवळ आणायची, वीस मिनिटांत पोचता येईल अशी एखादी बाग किंवा लॉन, आणि तिथली परवानगी दोन्ही तारखांची आधीच विचारून ठेवायची. बुधवारही गेला तर तिसरा मार्ग घरातला. मोठ्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर तिला उभं करायचं, पातळ पांढरा पडदा ओढायचा, घरातले सगळे दिवे बंद करायचे. ट्यूबचा आणि खिडकीचा उजेड मिसळला की चेहऱ्याची एक बाजू हिरवट-पिवळी पडते आणि ती नंतर दुरुस्त करताना नाकी नऊ येतात.

निर्णय कधी घ्यायचा, हे फोटोग्राफरच्या सोयीने ठरत नाही. ते ठरतं कोणाचं काम आधी सुरू होतं त्यावर. डोहाळजेवणासारखे ताज्या फुलांचे दागिने हवे असतील तर फुलवाला आदल्या संध्याकाळी गजरे, बाजूबंद ओवायला घेतो. एकदा ओवले की त्याचे पैसे गेले. मेकअपवाली ताई त्याच दिवशी दुसरं काम घेऊ शकते, पण तिला सकाळी दहापर्यंत कळायला हवं. गाऊन भाड्याने आणला असेल तर तो कुठल्या दिवसापर्यंत ठेवता येईल, हे दुकानात आधी विचारलेलं असावं. म्हणून मी शनिवारी चार वाजता पहिला निरोप देतो आणि रविवारी दहा वाजता शेवटचा. बुधवारची जागाही मी रविवारी दहापर्यंतच अडवून ठेवतो. शूट पक्कं झालं की ती दुसऱ्या कोणाला देऊन टाकतो. ग्राहकाला हे स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तिला वाटतं दोन्ही दिवस आपलेच.

निरोप लेखी हवा आणि त्यात पुढचं काय ते सगळं हवं. साधारण असा:

‘नमस्कार ताई. उद्या दुपारनंतर विजांसह पाऊस दिसतोय, त्यामुळे आपलं शूट ठरल्याप्रमाणे बुधवारी सकाळी ६.४५ला, घराजवळच्या बागेत करू. फुलांची ऑर्डर आज सहाच्या आत थांबवा, बुधवारसाठी मंगळवारी संध्याकाळी सांगा. मेकअप ५ वाजता तुमच्या घरी, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. दिलेला विसार तसाच बुधवारला धरलाय, जादा काही नाही. दादांना बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा जमेल ना, तेवढं कळवा.’

शेवटचं वाक्य कोणी लिहीत नाही आणि तिथंच घोटाळा होतो. बुधवार सगळ्यांना चालतो, पण नवऱ्याची मीटिंग निघते.

ग्राहकाने काय तयार ठेवायचं, तेही पावसाच्या हिशेबाने ठरतं. पैठणी किंवा कुठलंही रेशीम उघड्यावर नेऊ नका. रेशमावर पाण्याचा थेंब वाळला की डाग उठतो. पैठणी घरातल्या खिडकीपाशी खुलते. बाहेर जॉर्जेट किंवा मऊ सुती साडी घ्या, आणि ती आधीच निऱ्या शिवलेली असेल तर फारच बरं, कारण ओल्या बागेत वाकून निऱ्या सारख्या करणं या दिवसांत होत नाही. एक जादा परकर जवळ असू द्या. चिखलाचे शिंतोडे आधी काठावर उडतात, आणि ओला परकर पायाला चिकटला की चालही बदलते. मेंदी काढायची असेल तर ती राखीव तारखेचा विचार करून काढा. दुसऱ्या दिवशी ती गडद असते, चार-पाच दिवसांनी बोटांच्या टोकांवर फिकी पडायला लागते. आमच्या उदाहरणात शुक्रवारी काढलेली मेंदी रविवारी सुंदर दिसेल, बुधवारी जेमतेम चालेल.

चप्पल सपाट आणि तळाला पकड असलेली हवी. शेवाळलेली फरशी, ओला दगड, तळ्याचा काठ, या तिन्ही ठिकाणी मी गरोदर बाईला उभं करत नाही, फोटो कितीही चांगला दिसणार असला तरी. सकाळचा आणखी एक फायदा सांगतो: बऱ्याच जणींचे पाय आणि बोटं दिवसाअखेर सुजतात, अंगठी चढत नाही. सकाळी हात मोकळे असतात. पण रिकाम्या पोटी येऊ नका. दूध-पोहे खाऊन निघा, सोबत पाणी, सुका टॉवेल आणि कोरडे कपडे गाडीत ठेवा.

रविवारी दहाला आभाळ निळं होतं, शूट सुरू झालं आणि पाचला बिघडलं, असंही होतं. त्याची खूण दुपारीच मिळते. बाराच्या सुमारास क्षितिजावरचे ढग फुलकोबीसारखे वर फुगत असतील तर सावध राहायचं. वारा पडून मग एकाएकी गार झोत आला, मातीचा वास आला, की हाताशी काही मिनिटंच असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं ॲप आहे, ते आपल्या आसपास वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर दाखवतं. वीस किलोमीटरच्या आत वीज दिसली की मी कॅमेरा बॅगेत टाकतो. दिव्यांचे उंच स्टँड आडवे करायचे, सगळ्यांनी काचा लावून गाडीत बसायचं. झाडाखाली मुळीच उभं राहायचं नाही. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास थांबायचं, मग बाहेर.

अर्धवट राहिलेल्या शूटचा हिशेब कसा, यावरून मात्र बरेच वाद होतात, म्हणून तो बुकिंगच्या वेळीच लिहून घ्यावा. माझा नियम असा: ठरलेल्या दोन पोशाखांपैकी एकाचे फोटो झाले असतील तर दुसरा राखीव सकाळी होतो आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. मेकअपचे मात्र पुन्हा द्यावे लागतात, कारण ती ताई दुसऱ्यांदा पहाटे येणार असते. पावसाने शूट हलवलं तर पहिल्यांदा फुकट. दुसऱ्यांदाही पाऊसच आडवा आला तर घरातलं शूट त्याच पैशांत. ग्राहकाने कोरड्या दिवशी स्वतःच्या कारणाने तारीख बदलली, तर तो पावसाचा बदल धरत नाही. आणि डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, तर कुठल्याही टप्प्यावर, शूटच्या सकाळीही, विसार परत. तो पैसा धरून ठेवला तर तिला गरज असताना नाही म्हणायला संकोच वाटतो.