सोडताना दुखते ती दाढ

“आज दुखतच नाहीये, डॉक्टर. उगाच आले असं वाटतंय.” खुर्चीत बसता बसता बाई म्हणाल्या. वय सत्तेचाळीस, शाळेत शिक्षिका. चार महिन्यांपासून उजव्या बाजूला मधूनच कळ यायची. भाकरीच्या कडेचा तुकडा किंवा भाजलेला शेंगदाणा दाढेखाली आला की वीज चमकावी तशी, आणि क्षणात गायब. मग आठ-आठ दिवस काहीच नाही. दोन ठिकाणी एक्स-रे काढून झाले होते आणि दोन्ही स्वच्छ होते. घरचे म्हणू लागले होते की हा मनाचा खेळ आहे. त्यांनाही तसं वाटायला लागलं होतं.

मी एकच विचारलं, “कळ येते ती दात दाबताना, की दाबून झाल्यावर तोंड उघडताना?”

त्या थांबल्या. हवेत चावून पाहिलं. “उघडताना. हो, सोडतानाच.”

या उत्तराने माझा संशय दाढेतल्या तड्याकडे वळला. किडीची दाढ बहुधा गोड आणि थंड खाल्ल्यावर शिणशिणते, मुळाशी पू झालेली दाढ दाबली की दुखते. दाब सुटताना येणारी तीक्ष्ण कळ ही मात्र तडा गेलेल्या जिवंत दाढेची खास खूण आहे. ती प्रत्येकात आढळत नाही, पण आढळली तर दुर्लक्ष करू नये. या त्रासाला ‘क्रॅक्ड टूथ सिंड्रोम’ हे नाव 1964 साली अमेरिकी दंतवैद्य कॅमेरॉन यांनी दिलं.

गैरसमज : खरंच बिघाड असता तर रोज दुखलं असतं.

दाताचं वरचं कवच टणक, पण त्याखालचं डेन्टिन अतिसूक्ष्म नळ्यांनी भरलेलं असतं आणि त्या नळ्यांत द्रव असतो. तडा गेलेल्या दाढेवर कडक घास आला की तड्याच्या दोन बाजू केसाच्या अंशाइतक्या फाकतात. दाब सुटला की त्या झटकन जवळ येतात, नळ्यांतला द्रव एकदम हलतो आणि आतल्या नसेतले वेगवान तंतू जागे होतात. द्रवाच्या हालचालीतून वेदना उपजते ही मांडणी स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांची. थंड पाण्याने येणारी झिणझिणीही त्याच वाटेने येते.

म्हणजे कळ येण्यासाठी तडा असून भागत नाही, तो फाकावा लागतो. त्यासाठी घास पुरेसा कडक हवा आणि दाढेच्या नेमक्या त्या उंचवट्यावर, नेमक्या तिरकसपणाने यायला हवा. वरण-भात खाताना हे होत नाही. शिवाय माणूस नकळत दुसऱ्या बाजूने चावू लागतो. बाईंचे ‘बरे’ आठ दिवस असे होते. तडा त्या आठ दिवसांतही होताच.

कुठली दाढ दुखते हेही त्यांना सांगता येत नव्हतं. कधी बोट वर जायचं, कधी खाली. यातही भ्रम काही नव्हता. दाताच्या आतली नस ‘दुखतंय’ एवढं कळवते, जागा नीट कळवत नाही. जागेचं भान मुळाभोवतीच्या पडद्याकडून येतं, आणि सूज तिथवर पोचेपर्यंत वरची दाढ की खालची याचा घोळ राहतो.

गैरसमज : एक्स-रे स्वच्छ, म्हणजे दाढ स्वच्छ.

मिटलेलं पुस्तक मुखपृष्ठाच्या बाजूने पाहिलं तर पानांमधल्या फटी दिसत नाहीत. त्या दिसायला ते कडेकडून पाहावं लागतं. दाढेतला तडा बहुतेक वेळा पुढून मागे जातो, आणि एक्स-रेचा किरण गालाच्या बाजूने येऊन त्याच्या सपाट अंगावर पडतो. फट झाकलेलीच राहते. त्रिमितीय स्कॅनही अनेकदा हरतो, कारण तडा त्याच्या पकडीपेक्षा बारीक असतो आणि जवळ धातूचं फिलिंग असेल तर चित्रावर पट्टे उमटतात. एक्स-रे तरीही काढतोच. कीड, मुळाशी झालेला संसर्ग, झिजलेलं हाड ही दुसरी कारणं त्यातून तपासता येतात.

तडा शोधावा लागतो तो हाताने आणि डोळ्यांनी. प्लॅस्टिकची छोटी पाचर एकेका उंचवट्यावर ठेवून बाईंना हळू चावायला आणि मग झटकन सोडायला सांगितलं. वरच्या दाढा शांत राहिल्या. खाली उजवीकडे, शेवटून दुसऱ्या दाढेच्या जिभेकडच्या मागच्या उंचवट्यावरून दाब सुटला आणि त्या दचकल्या. त्या दाढेत पंधरा वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती. थंड बोळा लावला तर दोन सेकंद झिणझिणलं आणि थांबलं. म्हणजे नस जिवंत होती आणि वाचण्याची आशा होती. हिरडीत मोजपट्टीची सळई दाताभोवती फिरवली, सगळीकडे दोन-तीन मिलिमीटरच गेली. हे मोजमाप मला फार महत्त्वाचं वाटतं. सगळीकडे उथळ आणि एकाच जागी ती अरुंद, खोल शिरली, तर तडा मुळाकडे उतरला असण्याची भीती असते आणि दाढ टिकण्याची शक्यता घटते.

मग चांदी काढली, निळा रंग लावून धुतला आणि भिंगातून पाहिलं. खड्ड्याच्या तळाशी एक निळी रेघ उरली होती, मागच्या कडेपर्यंत गेलेली. बाजूने प्रखर दिवा धरला तर उजेड रेघेपाशी अडला आणि पलीकडचा भाग काळोखा राहिला. नुसत्या कवचातल्या वरवरच्या रेषा असत्या तर उजेड पार गेला असता. तशा रेषा बऱ्याच मोठ्या माणसांच्या दातांवर असतात आणि त्यांना उपचार लागत नाहीत. आरशात रेघ दिसली म्हणून कुणी घाबरू नये.

गैरसमज : चांदी भरलेल्या किंवा मार लागलेल्या दाढेलाच तडा जातो.

मोठं फिलिंग दाढ कमकुवत करतं हे खरं, पण एकदाही न भरलेल्या दाढांनाही तडे जातात. झोपेत दात करकर खाणं, अडकित्ता न वापरता दाताने सुपारी फोडणं, भातातला खडा, बर्फ चावणं, वर्षानुवर्षांचा हा भार पुरतो.

गैरसमज : काही दिवस जपलं की तडा भरून येईल. नाहीतर रूट कॅनॉल केलं की झालं.

हाडासारखा दात सांधला जात नाही. आणि रूट कॅनॉल नस काढतं, तडा तसाच राहतो. दाढेला वरून बांधलं नाही तर ती पुढे उभी चिरते आणि काढावीच लागते.

बाईंच्या दाढेभोवती ब्रेसेससाठी वापरतात तशी पोलादी पट्टी बसवली, खड्डा तात्पुरता भरला. तुकडे फाकायचे थांबले तर कळ थांबायला हवी, ही परीक्षाच होती. तीन आठवड्यांत त्यांनी भाकरी उजवीकडून खाल्ली आणि कळ आली नाही. मग सगळे उंचवटे झाकणारी कॅप बसवली. पट्टी असूनही ठणका वाढला असता, थंड लागून मिनिटभर दुखत राहिलं असतं, तर आधी रूट कॅनॉल करावं लागलं असतं. कॅपनंतरही काही दाढांची नस पुढे दगावते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं.

तुमची दाढ अशी लपाछपी खेळत असेल तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एवढं टिपून ठेवा : कुठला घास होता, कुठल्या बाजूला होता, थंड लागतं का आणि कळ दाबताना आली की सोडताना. खात्री करायला म्हणून घरी पुन्हा पुन्हा कडक काही चावून पाहू नका. आणि ज्या दिवशी दुखत नसेल, त्या दिवशीही ठरलेली वेळ रद्द करू नका.