बेअरिंगमधला खड्डा कुठून सुरू होतो?

मोटरीचं बेअरिंग घरघरू लागलं की फिटर ते उतरवतो, उघडतो आणि आतल्या रेसवर बोट फिरवतो. आरशासारख्या पृष्ठभागात कुठेतरी एक खड्डा नखाला लागतो. वंगणातून पोलादाची एखादी खपली निघाली, तर ती भिंगाखाली धरून बघावी. तिची एक बाजू गुळगुळीत आणि चकचकीत असते, दुसरी खडबडीत, तुटलेल्या दगडासारखी. चकचकीत बाजू म्हणजे रेसचा मूळ पृष्ठभाग. तो झिजलेला नाही. त्याच्या खालचं पोलाद फाटलं आणि वरचा थर सबंध उचकटून आला.

असं का होतं, याचं गणित बेअरिंगवाल्यांनी नव्हे, तर हाइनरिक हर्ट्‌झ या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं. रेडिओलहरींशी ज्याचं नाव जोडलेलं आहे, तोच हा. काचेची दोन भिंगं एकमेकांवर दाबली की किती चपटतात, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. उत्तर 1881 साली आलं, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता.

10 मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा सपाट पोलादी पाटीवर ठेवून त्यावर 10 किलोचा भार दिला असं समजू. भूमितीच्या हिशेबाने छर्रा पाटीला एकाच बिंदूत टेकतो. पण प्रत्यक्षात दोन्ही किंचित चपटतात आणि सुमारे 0.3 मिलिमीटर व्यासाची गोल टिकली तयार होते. सगळा भार एवढ्याशा जागेवर येतो, म्हणून तिच्या मध्यभागी दाब वातावरणाच्या दाबाच्या 20,000 पटींहून जास्त भरतो. भार आठपट केला तर मात्र हा दाब फक्त दुप्पट होतो, कारण टिकलीही मोठी होत जाते.

एवढ्या दाबाखाली पृष्ठभाग चिरडत कसा नाही? धातूला नुसत्या दाबाने इजा होत नाही. खोल पाण्यात पडलेला दगड फुटत नाही, कारण पाणी त्याला सगळीकडून सारखंच दाबतं. धातूला भोवतो तो वेगवेगळ्या दिशांच्या दाबांमधला फरक. त्यातूनच एक थर दुसऱ्यावरून सरकवू पाहणारा कर्तन ताण निर्माण होतो. टिकलीच्या मध्यावरचा वरून येणारा दाब 100 धरला, तर तिथल्या धातूला आजूबाजूचं पोलाद आडवं सुमारे 80 ने दाबत असतं. फरक जेमतेम 20. जरा खाली उतरलं की उभा दाब सावकाश कमी होतो, आडवा आधार मात्र झपाट्याने सुटतो. टिकलीच्या त्रिज्येच्या साधारण निम्म्या खोलीवर उभा दाब 81 उरतो आणि आडवा 19. फरक 62! पृष्ठभागाच्या मध्यावर होता त्याच्या तिप्पट. आपल्या छर्ऱ्यासाठी ही खोली फक्त 0.07 मिलिमीटर येते. त्याहून खाली गेलं की फरकही ओसरतो.

दोन रूळ एकमेकांवर टेकले तर टिकलीऐवजी अरुंद पट्टी तयार होते आणि सर्वाधिक कर्तन ताण पट्टीच्या निम्म्या रुंदीच्या 0.78 पट खोलीवर असतो. आकडे बदलले तरी जागा पृष्ठभागाखालचीच.

फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये हा ताण पुन्हा पुन्हा येतो, आणि उलटसुलट येतो. छर्रा जवळ येताना खालचा धातू एका दिशेला सरकवला जातो, पुढे गेल्यावर विरुद्ध दिशेला. आठ छर्ऱ्यांचं बेअरिंग मिनिटाला 1,500 फेऱ्यांनी फिरत असेल, तर आतल्या रेसच्या एकाच जागेवरून फेरीगणिक सुमारे पाच छर्रे जातात. म्हणजे तासाला साडेचार लाख वेळा हा पिळवटा. त्या खोलीवर पोलादात ऑक्साइडचा एखादा कडक कण अडकलेला असेल, तर तडा त्याच्या कडेला धरतो, पृष्ठभागाखालून तिरका सरकत जातो आणि शेवटी वर फुटतो. म्हणून बेअरिंगच्या पोलादात कडकपणाइतकीच स्वच्छताही मोलाची.

हे सगळं स्वच्छ आणि भरपूर वंगणात. तेलाचा थर पातळ पडला, धुळीच्या कणाने ठसे उमटवले किंवा गिअरच्या दातांसारखी लोळण्याबरोबर घसटही असली, तर घर्षण धोक्याची जागा वर ओढतं आणि तडा पृष्ठभागावरच सुरू होऊ शकतो. म्हणून खड्डा दिसला की भोवती ठसे आणि ओरखडे आहेत का, हे आधी बघावं. असतील तर सील आणि तेल तपासायचं. नसतील, आणि खड्डा खोल, उभ्या कडांचा असेल, तर संशय भारावर किंवा पोलादावर घ्यायचा. फक्त वरचा थर कडक केलेल्या भागांत आणखी एक पाहावं लागतं: कडक थर या धोक्याच्या खोलीच्या बराच खालपर्यंत पोचलेला हवा, नाहीतर तडा त्याच्या आणि मऊ गाभ्याच्या सांध्यावर सुरू होतो.