शब्दकोड्यांचा दिवस: घड्याळ सुरू होण्याआधीची सहा मिनिटे

शाळकरी मुलांसाठी शब्दकोड्यांचा दिवस आम्ही काही वर्षांपासून घेत आहोत. पाचवी ते आठवीची मुले, तीन-तीन जणांचे संघ आणि तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत विस्कटलेल्या अक्षरांतून शब्द जुळवायचे, दुसऱ्या फेरीत आडवे-उभे शब्दकोडे सोडवायचे आणि तिसरी फेरी तोंडी प्रश्नांची. प्रश्न काढायला आम्हाला महिना लागतो. सुरुवातीच्या निवेदनाकडे मात्र पहिली काही वर्षे आमचे लक्षच नव्हते. स्वागत करायचे, टाळ्या घ्यायच्या आणि शिट्टी वाजवायची, एवढेच. त्याची किंमत एका मुलीने मोजली. म्हणून हे निवेदन कसे तयार झाले ते इथे सविस्तर सांगतो. आपापल्या शाळेत किंवा मंडळात असा दिवस घेणाऱ्यांना ते जसेच्या तसे वापरता येईल.

त्या वर्षी पहिल्या फेरीत ‘क, ल, म’ ही अक्षरे दिली होती. आमच्या उत्तरपत्रिकेत ‘कलम’ होते. पाचवीतल्या एका मुलीने ‘कमल’ लिहिले. तपासनीस म्हणाले, “मराठीत कमळ. कमल हिंदी झालं.” मुलगी म्हणाली, “पण माझ्या आजीचं नाव कमल आहे!” त्यावर तपासनीसांनी विशेषनाम चालत नाही असे सांगून विषय संपवला. आम्ही इंदूरकर. इथली मुले दिवसभर हिंदीत वावरतात, त्यामुळे तपासनीसांची शंका अगदीच अवाजवी नव्हती. पण घरी जाऊन शब्दकोश उघडला तर ‘कमल’ होता. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, मराठीत रुळलेला शब्द. तिचा संघ दोन गुणांनी हरला होता आणि बक्षिसे वाटून झाली होती. पुढच्या वर्षी ती आली नाही.

चूक तपासनीसांची म्हणण्यापेक्षा आमची होती. ‘बरोबर उत्तर’ म्हणजे काय, हे आम्ही खेळ सुरू होण्याआधी ठरवलेच नव्हते. आता निवेदनाचा पहिला भाग असा असतो:

“मुलांनो, दिलेली सगळी अक्षरे प्रत्येकी एकदाच वापरून तयार होणारा आणि या टेबलावरच्या शब्दकोशात असलेला कोणताही शब्द बरोबर धरला जाईल. आमच्या मनात दुसरा शब्द असला तरी तुमचे गुण जाणार नाहीत. माणसांची आणि गावांची नावे चालणार नाहीत. पण तोच शब्द दुसऱ्या अर्थाने कोशात असेल तर चालेल.”

यात ‘या टेबलावरच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आम्ही वा. गो. आपटे यांचा ‘मराठी शब्दरत्नाकर’ ठेवतो. दुसरा कोश ठेवला तरी चालेल, पण तो एकच असावा आणि सगळ्यांना दिसावा. मोबाइलवर शोधू लागलो की प्रत्येकाला हवा तो शब्द सापडतो आणि वाद संपत नाही. प्रश्न काढणाऱ्यांनीही आधी अक्षरे फिरवून पाहावीत. ‘ह, व, न’ यातून ‘हवन’ होतो तसा ‘वहन’ही होतो. ‘स, ह, ल’ दिले तर ‘सहल’वाचून दुसरे काही सहसा सुचत नाही. दोन उत्तरांचा प्रश्न टाळलाच पाहिजे असे नाही, पण दोन्ही उत्तरे तपासनीसांच्या कागदावर आधीच हवीत.

निवेदनाचा दुसरा भाग ‘अक्षर’ म्हणजे काय याबद्दल आहे. मोठ्यांना हे सांगणे अनावश्यक वाटते. पण इंग्रजी माध्यमातील मुले स्पेलिंगप्रमाणे मोजतात आणि मोबाइलवर मराठी टंकणारी मुले ष, ट, र वेगवेगळे दाबत असल्याने जोडाक्षराची तीन अक्षरे धरतात. शब्दकोड्यात मग चौकोन पुरत नाहीत आणि मुलांना वाटते की आपले उत्तरच चुकले. म्हणून आम्ही सांगतो:

“एका चौकोनात एक अक्षर. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग आणि रफार हे त्या अक्षराबरोबरच राहतात. जोडाक्षर कितीही मोठे असले तरी ते एकच. आता बोटांवर मोजा: ‘महाराष्ट्र’. म, हा, रा, ष्ट्र. किती? चार. आता ‘विद्यार्थी’. वि, द्या, र्थी. तीन.”

मोजणे मुलांकडून मोठ्याने करून घ्यावे. दुसऱ्या शब्दाला सगळ्या टेबलांवरून एकच आकडा आला की मुद्दा पोहोचला असे समजावे. वेगवेगळे आकडे आले तर तिसरा शब्द द्यावा, ‘सूर्य’ किंवा ‘घड्याळ’. यात गेलेले अर्धे मिनिट पुढे वीस मिनिटांचा गोंधळ वाचवते.

तिसरा भाग ऱ्हस्व-दीर्घाचा, आणि आमच्याकडे खरी पंचाईत इथेच होते. हिंदीत ‘कवि’, ‘शक्ति’, ‘गुरु’ असे ऱ्हस्व लिहितात. मराठीत शब्दाच्या शेवटी असे इकार-उकार दीर्घ लिहायचे असल्याने ‘कवी’, ‘शक्ती’, ‘गुरू’ होतात. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडलेले चार, असे अठरा नियम आज चालतात. त्यांत हा नियम आहे. पण तोच शब्द समासात पुढे आला की ऱ्हस्व राहतो: कविराज, गुरुदक्षिणा, बुद्धिबळ. शाळेत सकाळी हिंदी आणि घरी संध्याकाळी मराठी शिकणाऱ्या मुलाने इथे चूक केली तर शून्य द्यावे का? आणि पूर्ण गुण दिले तर शुद्ध लिहिणाऱ्या मुलाच्या मेहनतीचे काय? पुष्कळ चर्चेनंतर आम्ही मध्यम मार्ग घेतला:

“शब्दकोड्यात प्रत्येक शब्दाला दोन गुण. शब्द बरोबर, पण फक्त वेलांटी किंवा उकार चुकला तर एक गुण मिळेल. वेलांटी-उकाराने शब्दाचा अर्थच बदलत असेल तर मात्र गुण नाही. आणि एका चौकोनातल्या एका चुकीसाठी एकदाच गुण जाईल.”

‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे धागा. अशा जोड्यांत वेलांटी-उकार हेच उत्तर असते, म्हणून तिथे सवलत नाही. पण तिथे एक अक्षर दोन शब्दांत वाटलेले नसावे, ही काळजी कोडे रचणाऱ्याने घ्यायची.

शेवटचे वाक्य का लागते ते एका उदाहरणाने पाहू. आडवा शब्द ‘विहीर’, उभा शब्द ‘कविता’. दोन्ही ‘वि’वर एकमेकांना छेदतात. एका संघाने त्या चौकोनात ‘वी’ लिहिले. शब्दांप्रमाणे तपासले तर ‘वीहीर’ला एक आणि ‘कवीता’ला एक, म्हणजे चारपैकी दोन. पण चूक एकाच वेलांटीची आहे. तीच चूक दुसऱ्या संघाने न छेदणाऱ्या चौकोनात केली असती तर त्याचा एकच गुण गेला असता. म्हणून आम्ही छेदचौकोनातील चूक एकदाच मोजतो आणि या संघाला चारपैकी तीन देतो. तपासनीसांना छेदचौकोनांवर लाल ठिपका असलेली उत्तरपत्रिका दिली की हे विसरले जात नाही.

याच भागात आणखी एक वाक्य असते: “चुकीच्या उत्तराचे गुण कापले जाणार नाहीत. कोरे आणि चुकीचे दोन्ही सारखेच.” हे आम्ही न सांगता गृहीत धरले होते. मग लक्षात आले की स्पर्धा परीक्षांची सवय असलेली मुले गुण जातील या भीतीने येणारी उत्तरेही कोरी सोडतात. ज्यांना नियम ठाऊक होता त्यांनी अंदाज लिहिले, ज्यांना नव्हता त्यांनी सोडून दिले.

आता वेळ. पहिली फेरी आठ मिनिटे, दुसरी वीस. निवेदन असे:

“कागद पालथे ठेवा. शेवटच्या टेबलापर्यंत कागद पोहोचेपर्यंत कोणीही उलटणार नाही. घंटा झाली की सुरू. समोरच्या भिंतीवरचे घड्याळ हेच आपले घड्याळ. दोन मिनिटे उरली की एक टोल पडेल. दोन टोल पडले की पेन खाली. चालू असलेले अक्षरही पूर्ण करायचे नाही.”

पूर्वी कागद वाटता वाटताच मुले सुरू करत. आठ टेबलांत पहिल्या आणि शेवटच्या टेबलात मिनिटभराचा तरी फरक पडे. आठ मिनिटांच्या फेरीत तो आठवा हिस्सा झाला. ‘चालू असलेले अक्षर’ हे शब्दही अनुभवातून आले. एका संघाला ते पूर्ण करू दिले की दुसरा संघ पूर्ण शब्द लिहून मोकळा होतो. कागदावर छपाईची चूक निघाली तर एकाच टेबलाला समजावत बसू नये. घड्याळ थांबवावे, सगळ्यांना सांगावे आणि मग पुन्हा सुरू करावे.

तोंडी फेरीत आम्ही पूर्वी प्रश्न एका संघाला विचारत असू. उत्तर आले नाही तर तो पुढच्या संघाकडे जाई. त्यात एक दोष होता. कच्च्या संघाच्या शेजारी बसलेल्या संघाला जास्त प्रश्न मिळत आणि तो फायदा केवळ खुर्चीचा असे. आता प्रत्येक संघाला पाटी दिली आहे. प्रश्न सगळ्यांना एकच, तीस सेकंदांत उत्तर लिहायचे आणि घंटा झाली की सगळ्यांनी पाट्या एकदम वर करायच्या. आधी बोलणाऱ्या धीट मुलाला जादा काही मिळत नाही आणि लाजऱ्या मुलालाही लिहिता येते.

निवेदनाचा शेवट असा करतो:

“गुण दोघेजण वेगवेगळे मोजतील आणि ते जुळल्यावरच फळ्यावर लिहिले जातील. त्यानंतर दहा मिनिटे कोणीही हरकत घेऊ शकेल. हात वर करा, शब्द सांगा, आपण कोश उघडून सगळ्यांसमोर पाहू. दहा मिनिटांनंतरच निकाल. बरोबरी झाली तर शब्दकोड्यात ज्यांचे गुण जास्त ते पुढे. तेही सारखे असतील तर बक्षीस दोघांचे.”

दोघांनी मोजण्याची सवय आमच्या बँकेतली. रोख एकाने मोजली तरी दुसऱ्याने मोजल्याशिवाय तिजोरी बंद होत नसे आणि त्यात कोणी अपमान मानत नसे. दहा मिनिटांच्या हरकतीचे कारण मात्र ती मुलगी आहे. त्या दिवशी तिला बोलायला जागा होती, पण कोश उघडायला आमच्याकडे वेळ नव्हता.

हे सगळे वाचायला सहा मिनिटे लागतात. त्यानंतर बिनगुणांचा एक सरावाचा प्रश्न देतो. गेली दोन वर्षे त्यासाठी ‘क, ल, म’ हीच अक्षरे देतो. कोणी ‘कलम’ लिहिते, कोणी ‘कमल’. दोन्ही फळ्यावर लिहितो, कोश उघडून दोन्ही शब्द दाखवतो आणि मगच पहिली घंटा देतो.