प्लेटलेट्सच्या आकड्याशेजारचा आकडा

डेंग्यूचा रुग्ण घरात असला की सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आज पेशी किती?’ कालच्यापेक्षा कमी म्हटलं की रक्तपेढ्यांना फोन सुरू होतात. त्याच रिपोर्टवर हिमॅटोक्रिट, म्हणजेच पीसीव्ही, हाही आकडा असतो. त्याकडे मात्र सहसा कुणी बघत नाही.

प्लेटलेट्स दोन कारणांनी घटतात. तापाच्या पहिल्या दिवसांत विषाणूमुळे अस्थिमज्जेतलं त्यांचं उत्पादन मंदावतं. मग शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि विषाणूशी लढताना रक्तातल्या प्लेटलेट्सही नष्ट करू लागते. म्हणून ताप उतरत असतानाच आकडा सर्वांत वेगाने कोसळतो. याच सुमारास केशवाहिन्यांमधून रक्तातलं पाणी बाहेर झिरपू लागतं. रक्त दाट होतं आणि पीसीव्ही चढतो. जिवाला मोठा धोका या गळतीचा असतो.

समजा, एका तरुणाच्या तापाचा तिसरा दिवस आहे. प्लेटलेट्स १,४०,०००, पीसीव्ही ४०. पाचव्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना हायसं वाटलं. रिपोर्टमध्ये मात्र प्लेटलेट्स ४५,००० आणि पीसीव्ही ४८, म्हणजे मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्के जास्त. पोटात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, लघवी कमी झाली आहे. खरी काळजीची वेळ हीच. त्याला दाखल करून मोजून-मापून सलाइन दिलं. सहाव्या दिवशी प्लेटलेट्स २८,००० वर आल्या आणि नातेवाईक हादरले. पण पीसीव्ही ४३ झाला होता, लघवी नीट होत होती आणि त्याने स्वतःहून भात मागितला होता. रुग्ण सुधारत होता. प्लेटलेट्स मागून येत होत्या. सातव्या दिवशी ३१,०००, आठव्या दिवशी ७०,०००.

२८ वरून ३१ हजार ही वाढ मानू नये. एवढा फरक मोजणीतही पडतो. म्हणून शक्यतो रोज एकाच लॅबमध्ये तपासणी करावी. आकडा अचानक फारच कमी आला आणि रुग्ण ठणठणीत दिसत असेल, तर नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या झालेल्या असू शकतात; सूक्ष्मदर्शकाखाली फेरतपासणी करून घ्यावी. उलट पीसीव्ही घसरतोय आणि रुग्ण गळून चाललाय, तर आत कुठेतरी रक्तस्राव होत असल्याची शंका घ्यावी लागते.

बाहेरून चढवलेल्या प्लेटलेट्सही शरीर तशाच नष्ट करतं. म्हणून रक्तस्राव नसताना केवळ आकडा वाढवण्यासाठी त्या देण्याचा फायदा दिसत नाही. आकडा दहा हजारांखाली गेला की डॉक्टर त्याचा वेगळा विचार करतात. तेव्हा उद्याचा रिपोर्ट हातात आला की पेशींसोबत पीसीव्हीही कालच्या आकड्याशी ताडून बघा, आणि रुग्णाला लघवी शेवटची कधी झाली, हे विचारा.